थांबवलेल्या फ्रेममधून कळणारी कॅमेऱ्याची दुखणी

अ‍ॅक्शन कॅमेऱ्याने टिपलेले चित्रण हलले की बहुतेक जण सर्वप्रथम सेटिंगमध्ये जाऊन चित्र स्थिर करणारे स्टॅबिलायझेशन आणखी वाढवतात, आणि पुष्कळदा त्यामुळे दुखणे बरे होण्याऐवजी बळावते. त्याआधी करायची गोष्ट अगदी सोपी आहे: चित्रण संगणकावर उघडावे, जेथे ते खराब दिसते तेथे थांबवावे आणि ती एकच फ्रेम पूर्ण आकारात पाहावी. हलल्यासारखे दिसणाऱ्या चित्रणामागे निरनिराळी कारणे असतात, आणि कोणते कारण आहे ते स्थिर फ्रेममध्ये बहुधा स्पष्ट दिसते.

इंदूरच्या रामबागेतील एका तरुणाचे उदाहरण घेऊ. मे महिन्यात त्याने मोटारसायकलवरून महू, जाम गेट, मंडलेश्वर या मार्गाने महेश्वरपर्यंतचा प्रवास चित्रित केला. जाताना कॅमेरा हँडलच्या नळीला क्लॅम्पने बसवला होता, तर संध्याकाळी परतताना हेल्मेटच्या हनुवटीवर. जातानाच्या चित्रणात रस्त्याकडेचे विजेचे खांब सापासारखे वळवळत होते. परतताना खांब सरळ राहिले, पण सगळे चित्र पुसट झाले. त्यातच दुपारी महूच्या वाहतुकीत अडकला असताना कॅमेरा तापून आपोआप बंद पडला.

पहिल्या चित्रणातील थांबवलेली फ्रेम रेखीव आहे. पाटीवरची अक्षरे वाचता येतात, फक्त खांब लाटेसारखे वाकलेले आहेत. या कॅमेऱ्यांचा सेन्सर संपूर्ण चित्र एका क्षणी घेत नाही, तर वरच्या ओळीपासून खालच्या ओळीपर्यंत क्रमाने वाचत जातो. या वाचनाला सेकंदाचा साठावा भाग लागतो असे धरू. एक सिलिंडरचे इंजिन मिनिटाला 4,000 फेरे घेत असेल, तर हँडलला सेकंदाला सुमारे 67 कंपने मिळतात. म्हणजे एक फ्रेम वाचून होईपर्यंत कॅमेरा एकदा पूर्ण हेलकावून परत येतो, आणि तो हेलकावा खांबाच्या आकारात उमटतो. स्टॅबिलायझेशनचा सगळा भर जायरोस्कोपवर असतो. कॅमेरा किती वळला हे जायरोस्कोप मोजतो, परंतु तो न वळता नुसताच वर-खाली सरकला तर त्याची नोंद त्याच्याकडे नसते. त्यामुळे इतके जलद आणि बारीक कंपन सॉफ्टवेअरच्या हाती पुरते लागत नाही. ते कॅमेऱ्यापर्यंत पोहोचूच नये, हाच उपाय.

हनुवटीवर कॅमेरा बसवल्याने नेमके हेच साधते. सीट, चालकाचे शरीर, मान आणि हेल्मेटच्या आतील फोम यांतून जाताना इंजिनाचे कंपन बरेचसे जिरते. उरतात त्या डोक्याच्या सावकाश आणि मोठ्या हालचाली, ज्या जायरोस्कोप उत्तम मोजतो. हँडलवरच कॅमेरा हवा असेल, तर क्लॅम्प आणि कॅमेरा यांमधील दांडी शक्य तितकी आखूड ठेवावी. दोन-तीन जोड लावून लांबवलेली दांडी कंपन कमी करत नाही, उलट ते मोठे करून दाखवते. इंजिन चालू ठेवून दांडीच्या टोकाला हलके बोट लावले, तर हे बोटालाच कळते.

आता परतीचे चित्रण. येथे थांबवलेली फ्रेमच पुसट आहे, आणि दिवे रेघांसारखे ताणलेले आहेत. प्रकाश कमी झाल्यावर कॅमेऱ्याने शटरचा वेळ वाढवून 1/60 सेकंद केला होता. खड्ड्यावरून जाताना डोके सेकंदाला 30 अंश या वेगाने वळले असे समजू. तेवढ्या वेळात ते अर्धा अंश फिरते. 4K चित्राच्या रुंदीत 3,840 पिक्सेल असतात. वाइड दृश्यकोन 120 अंशांचा धरला तर दर अंशाला सरासरी 32 पिक्सेल येतात, म्हणजे प्रत्येक दिवा सुमारे 16 पिक्सेल पसरतो. स्टॅबिलायझेशन फ्रेम टिपली गेल्यानंतर तिला उलट दिशेने सरकवते. आत आधीच उमटलेला पुसटपणा ते सरकवू शकते, पुसू शकत नाही. किंबहुना चित्र स्थिर झाल्यामुळे तो अधिकच डोळ्यांवर येतो: दिवे जागच्या जागी धडधडू लागतात.

शटर 1/480 सेकंद ठेवले असते, तर तोच ठसा दोन पिक्सेलांवर आला असता. त्याची किंमत प्रकाशात मोजावी लागते, म्हणून आयएसओची, म्हणजे सेन्सरच्या प्रकाशसंवेदनशीलतेची, कमाल मर्यादा 1600 किंवा 3200 पर्यंत वाढवावी लागते आणि चित्रात दाणे दिसू लागतात. माझ्या मते पुसट चित्रापेक्षा दाणेदार चित्र केव्हाही बरे. भर उन्हात प्रकाश अडवणारी काळी एनडी फिल्टर लावून शटर मुद्दाम मंद करण्याची हौस असणाऱ्यांनीही हा हिशेब लक्षात ठेवावा.

दृश्यकोनाचा संबंध येथेच येतो. कोन 60 अंशांवर आणला तर दर अंशाला 64 पिक्सेल होतात, म्हणजे तोच धक्का दुप्पट दिसतो. उलट बाजूने, फ्रेम सरकवायला स्टॅबिलायझेशनला कडेची जागा लागते. दोन्ही बाजूंनी दहा-दहा टक्के कापले, तर 120 अंशांच्या चित्रात प्रत्येक बाजूला सुमारे 12 अंशांची मोकळीक मिळते. हेलकावा त्याहून मोठा झाला की चित्र कडेला आपटल्यासारखा झटका बसतो. या दुखण्यात थांबवलेली प्रत्येक फ्रेम निर्दोष दिसते, धक्का फक्त चालू चित्रणात जाणवतो. स्टॅबिलायझेशनची सर्वांत जोरकस पातळी ही मोकळीक वाढवते, म्हणजेच आणखी कापते आणि दृश्य अरुंद करते. त्यामुळे दिवसा, खडबडीत रस्त्यावर ती उपयोगी ठरते. तिन्हीसांजेला मात्र साधी पातळी आणि वाइड कोन हेच बरे.

राहिला प्रश्न तापण्याचा. अशा कॅमेऱ्याची बॅटरी साधारण साडेसहा वॉट-तासांची असते. 4K मध्ये सेकंदाला 60 फ्रेम आणि जोरकस स्टॅबिलायझेशन ठेवल्यावर ती तासाभरात संपत असेल, तर कॅमेरा सरासरी साडेसहा वॉट वीज वापरतो, आणि ती जवळजवळ सगळी आतच उष्णता होते. त्यात उन्हाची भर पडते. माथ्यावरचे ऊन चौरस मीटरला सुमारे 1,000 वॉट देते. सात गुणिले पाच सेंटिमीटरच्या काळ्या बाजूवर ते सरळ पडले, तर साडेतीन वॉटपर्यंत उष्णता बाहेरून येते. म्हणजे नुसत्या उन्हानेच भार दीडपट होतो. पंखा नसलेल्या त्या डबीला ही उष्णता वाऱ्यावरच सोडायची असते. कॅमेऱ्याचे अंग 65 अंशांवर आहे असे धरले, तर 25 अंशांच्या हवेत फरक 40 अंशांचा असतो, पण मे महिन्यातील 42 अंशांच्या हवेत तो 23 वर येतो. उष्णता बाहेर पडण्याचा वेग जवळपास त्याच प्रमाणात घटतो.

गाडी पळत असेपर्यंत वारा हे सगळे सांभाळून घेतो. म्हणूनच कॅमेरा घाटात नव्हे, तर महूच्या कोंडीत बंद पडला. अशा ठिकाणी गाडी थांबताच चित्रण बंद करावे. फ्रेम 60 ऐवजी 30 ठेवल्या तर प्रक्रियेचे काम बरेच हलके होते; मागचा पडदा, वाय-फाय आणि जीपीएस बंद ठेवल्यानेही थोडा भार उतरतो. कॅमेऱ्याच्या वरच्या आणि मागच्या बाजूला पांढरी चिकटपट्टी लावल्यास उन्हाचा बराच भाग परतवला जातो, फक्त मायक्रोफोनची छिद्रे झाकली जाणार नाहीत एवढे पाहावे. बंद पडलेला कॅमेरा बर्फावर किंवा थंड पाण्याच्या बाटलीला टेकवून ठेवू नये, कारण मग काचेच्या आतल्या बाजूला दव धरते आणि पुढचे चित्रण धुक्यातले होते. तो सावलीत, बॅटरीचे दार उघडून, मोकळ्या हवेत ठेवावा.