तोही हसला, म्हणून काय झालं?

समजा, ऑफिसात एकाचा निरोप समारंभ आहे आणि मित्रांनी त्याचा रोस्ट, म्हणजे भर सभेत त्याची थट्टा करायचा कार्यक्रम, ठरवलाय. पहिला विनोद येतो: "हा वेळेवर यावा म्हणून आम्ही मीटिंग एक तास आधीची सांगायचो." सगळे हसतात, तोही हसतो. दुसरा येतो: "हा आत शिरला की लिफ्ट रिकामी करावी लागते." पुन्हा सगळे हसतात, तोही हसतो. बाहेरून दोन्ही हशे सारखेच दिसतात. मग तो स्वतः हसत असेल, तर वजन, जात, धर्म किंवा घरातला मृत्यू यांवर रोस्टमध्ये विनोद का करू नयेत?

पीटर मॅकग्रॉ आणि केलेब वॉरेन या संशोधकांनी २०१० साली मांडलं, की हसू यायला दोन गोष्टी एकाच क्षणी जाणवाव्या लागतात. काहीतरी मर्यादा ओलांडली गेली, आणि त्यात धोका मात्र नाही. उशिराच्या विनोदात दोन्ही आहेत. सवय त्याची स्वतःची आहे, उद्या वेळेवर आला की विषय संपला. लिफ्टच्या विनोदात 'धोका नाही' हा भाग फक्त प्रेक्षकांच्या वाट्याला येतो. त्याला याच शरीरासह घरी जायचंय, आणि हे वाक्य तो शाळेपासून निरनिराळ्या शब्दांत ऐकत आलाय.

विनोद करणाऱ्याला हे कळत का नाही? जस्टिन क्रूगर आणि सहकाऱ्यांनी २००६ साली चिडवणाऱ्यांचं आणि चिडवल्या जाणाऱ्यांचं मत ताडून पाहिलं. तीच थट्टा करणाऱ्याला जास्त निरुपद्रवी वाटत होती. त्याला आपला हेतू आतून ठाऊक असतो; समोरच्याच्या हाती फक्त शब्द पडतात. मांजराचा होतो खेळ, म्हणतात तो असा. शिवाय भरल्या सभागृहात न हसणं महाग पडतं, 'याला विनोद कळत नाही' हा शिक्का बसतो. त्यामुळे त्याचं हसणं पुरावा म्हणून कुचकामी आहे.

जात आणि धर्माच्या बाबतीत आणखी एक भर पडते. तिथे निशाणा एकटा तो नसतो. थॉमस फोर्ड यांच्या २००८ च्या प्रयोगात स्त्रियांविषयी आधीच आकस असलेल्या पुरुषांनी स्त्रियांवरचे हिणवणारे विनोद वाचल्यावर स्त्रियांच्या संस्थेला कमी मदत देऊ केली. विनोदाने आकस निर्माण केला नाही. आकस दाखवायला इथे हरकत नाही, एवढं सांगितलं. प्रयोग स्त्रियांबद्दलचा होता, पण जातीवरच्या विनोदात ही वाट बंद असेल असं मानायला मला कारण दिसत नाही. आणि रोस्टच्या प्रेक्षकांत असा आकस कुणाच्या मनात आहे, हे मंचावरून दिसत नाही.

घरातल्या मृत्यूचं तर गणितच मांडता येत नाही. वर्षभर सावरलेला माणूस एखाद्या तारखेला, एखाद्या नावाने कोलमडतो. ती तारीख रोस्ट लिहिणाऱ्याला कुठून ठाऊक असणार?

हाच माणूस स्वतः मंचावर आपल्या वजनावर विनोद करील तेव्हा? तिथे कुठे थांबायचं ते तो ठरवतो, म्हणून 'धोका नाही' हा भाग त्याच्याकडे असतो. पण ती परवानगी माइकबरोबर पुढच्याच्या हाती जात नाही. लिफ्टच्या जागी, प्रत्येक ईमेल सगळ्या ऑफिसला पाठवण्याची त्याची खोड घ्या. त्यावर तो स्वतःच दोन किस्से जास्तीचे सांगेल.