व्हिडिओ दाबला जातोय की लोक तो सोडून पुढे जातायत?
शॅडोबॅनबद्दल आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

"आमचं चॅनल शॅडोबॅन झालंय, काहीतरी करा." व्ह्यूज अचानक पडले की आम्हाला हमखास असा फोन येतो. त्यामागची काळजी आम्हाला कळते, कारण आठवडाभर राबून केलेला व्हिडिओ शंभर-दीडशे जणांपुढे जात नाही तेव्हा जीव तुटतो. पण उपाय ठरवण्याआधी नेमकं काय झालंय ते बघावं लागतं, आणि बहुतेक वेळा ते तुमच्याच आकडेवारीत दिसतं.

शॅडोबॅन हा शब्द चर्चेच्या जुन्या व्यासपीठांवरून आला. त्रास देणाऱ्या सदस्याला हाकलण्याऐवजी त्याचं लेखन इतरांपासून लपवलं जाई. त्याला स्वतःला मात्र ते दिसत राही, म्हणून आपल्यावर बंदी आली आहे हे त्याच्या लक्षातच येत नसे. या मूळ अर्थाची गोष्ट आजही आहे आणि ती तुमच्या हातात आहे: यूट्यूबवर चॅनलचा मालक एखाद्या प्रेक्षकाला लपवू शकतो. त्या प्रेक्षकाच्या कमेंट्स चॅनलवर इतरांना दिसत नाहीत आणि त्याला तशी सूचनाही जात नाही. आज लोक व्हिडिओबद्दल 'शॅडोबॅन' म्हणतात तेव्हा त्यांना वेगळंच काही म्हणायचं असतं. व्हिडिओ जागेवर आहे, काढलेला नाही, पण नव्या लोकांपर्यंत जात नाही. असं होण्याची कारणं दोन जातींची असतात आणि त्यांचे उपायही एकमेकांपासून दूर आहेत.

पहिली जात म्हणजे खरी मर्यादा. ती असते, ती आम्ही नाकारत नाही, पण बहुतेक वेळा तिची नोंद तुमच्याच खात्यात सापडते. इन्स्टाग्रामवर सेटिंग्जमध्ये Account Status उघडा. तुमचा मजकूर फॉलो न करणाऱ्यांना सुचवला जाऊ शकतो की नाही, ते डिसेंबर २०२२ पासून तिथे कळू लागलं. सुचवण्याचे नियम हे पोस्ट ठेवण्याच्या नियमांपेक्षा कडक आहेत. म्हणून एखादी पोस्ट नियमात बसून फॉलोअर्सना दिसत राहते आणि तरीही अनोळखी लोकांना सुचवली जात नाही. निर्णय चुकीचा वाटला तर तिथूनच फेरतपासणी मागता येते. दुसऱ्या ॲपचा वॉटरमार्क असलेला रील कमी सुचवला जाईल, हे इन्स्टाग्रामने २०२१ मध्येच सांगितलं होतं. एप्रिल २०२४ मध्ये त्यात भर पडली: तीस दिवसांत दहा किंवा त्याहून जास्त वेळा दुसऱ्याचा मजकूर आहे तसा टाकणारी खाती शिफारशींतून वगळली जातील. आमचे काही ग्राहक एकच फाइल सगळीकडे टाकतात. त्यांना विनंती, की वॉटरमार्क नसलेली मूळ फाइल जपून ठेवा.

यूट्यूबवर स्टुडिओतल्या व्हिडिओंच्या यादीत Restrictions नावाचा रकाना असतो, तो वाचा. वयाची अट लागली असेल तर लॉगिन न केलेल्यांना आणि अठरा वर्षांखालच्यांना व्हिडिओ पाहता येत नाही. 'मुलांसाठी बनवलेला' हा पर्याय चुकून निवडला गेला असेल तर कमेंट्स बंद होतात. हे चुकून होतं तितकं सहज दुसरं काही होत नाही, म्हणून आम्ही सगळ्यात आधी तेच पाहतो.

यातलं काहीच सापडलं नाही, तर कारण जवळजवळ नेहमी दुसऱ्या जातीचं निघतं: व्हिडिओ दाखवला गेला, पण लोकांनी तो घेतला नाही.

हे कसं ओळखायचं, त्यासाठी एक नमुना घेऊ. आकडे समजण्यासाठी मानलेले आहेत. समजा, सायकल दुरुस्तीचं एक चॅनल आहे. त्याच्या नेहमीच्या व्हिडिओचं थंबनेल पहिल्या आठवड्यात ४०,००० वेळा लोकांसमोर येतं आणि त्यातले ६ टक्के लोक क्लिक करतात, म्हणजे २,४०० व्ह्यूज. यावेळी मालकाने स्वतःच्या सायकल सहलीचा व्हिडिओ टाकला. थंबनेल ८,००० वेळा दाखवलं गेलं, क्लिक २ टक्के, म्हणजे १६० व्ह्यूज. मालक म्हणतो, "बघा, मला दाबलं."

स्टुडिओत त्या व्हिडिओचं Reach पान उघडलं की गोष्ट वेगळी दिसते. आठ हजार वेळा थंबनेल समोर आलं, म्हणजे व्हिडिओ लपवलेला नव्हता. ते बहुतांशी मुख्य पानावर, चॅनल नेहमी पाहणाऱ्यांसमोर आलं. हे लोक चेन बसवायला आणि ब्रेक घट्ट करायला शिकण्यासाठी आले होते. 'माझा सुंदर प्रवास' या शीर्षकात त्यांना आपल्या कामाचं काही दिसलं नाही. ज्यांनी क्लिक केलं, त्यांतले नेहमी ३० सेकंदांनंतरही ६५ टक्के टिकतात, यावेळी ३५ टक्केच टिकले, कारण सुरुवातीला दीड मिनिट नुसता रस्ता होता. ओळखीच्या प्रेक्षकांनीच पाठ फिरवल्यावर अनोळखी लोकांसमोर व्हिडिओ नेण्याचं कारण उरलं नाही. सायकल दुरुस्तीचा पुढचा व्हिडिओ पुन्हा नेहमीसारखा चालला, तर चॅनलवर बंदी नव्हती हे उघड होतं.

इथे एक गोष्ट चुकीची वाचली जाते, म्हणून थोडं थांबून सांगतो. क्लिकचं प्रमाण एकटं पाहू नका. व्हिडिओ चालला आणि अनोळखी लोकांपर्यंत पसरला, तर तेच प्रमाण खाली येतं, कारण अनोळखी माणूस कमी क्लिक करतो. थंबनेल लाखभर वेळा दाखवलं गेलं आणि ३ टक्के क्लिक आले, तर ती चांगली बातमी आहे. दाखवणंही कमी आणि क्लिकही कमी, हे एकत्र आलं तरच चिंता करा.

अशा वेळी व्हिडिओ काढून पुन्हा टाकण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. आम्ही तो देत नाही. आतापर्यंतचे व्ह्यूज, कमेंट्स आणि बाहेर दिलेल्या लिंक्स त्यात जातात, आणि व्हिडिओ तोच राहतो. त्याऐवजी शीर्षक व थंबनेल बदला. वरच्या नमुन्यात 'लांबच्या प्रवासात सायकल तीनदा बिघडली, रस्त्यातच कशी दुरुस्त केली' असं शीर्षक घालता आलं असतं, अर्थात तसं खरंच घडलं असेल तर. सुरुवातीचा रटाळ भाग स्टुडिओतल्या संपादकात कापता येतो. बदलानंतर निदान आठवडाभर आकडे पाहा, रोज हात लावू नका.

पैसे घेऊन शॅडोबॅन काढून देतो म्हणणाऱ्यांना तुमचा पासवर्ड कृपा करून देऊ नका. प्लॅटफॉर्मच्या आतली मर्यादा बाहेरचा कोणी उठवू शकत नाही. विकत घेतलेले व्ह्यूज तर उलटे पडतात: ते नियमांत बसत नाहीत, आणि बघून लगेच निघून जाणाऱ्यांची गर्दी तुमच्या आकड्यांत मिसळली की खरा प्रेक्षक कुठे सोडून जातो तेच दिसेनासं होतं.

व्ह्यूज पडल्याचं आम्हाला कळवताना तीन स्क्रीनशॉट पाठवा: इन्स्टाग्रामचं Account Status किंवा यूट्यूबचा Restrictions रकाना, त्या व्हिडिओचं Reach पान, आणि त्याच्या आधीच्या, साधारण तेवढ्याच लांबीच्या व्हिडिओचं Reach पान. दोन्ही पानांवर टाकल्यापासून मोजलेले तेवढेच दिवस निवडा. दोन दिवसांच्या व्हिडिओची तुलना महिन्याभराच्या व्हिडिओशी केली, तर नवा व्हिडिओ नेहमीच दाबल्यासारखा दिसेल.