मशीन अवर रेटपासून ॲक्टिव्हिटी बेस्ड कॉस्टिंगपर्यंत : सेटिंगच्या खर्चाची पार्श्वभूमी

कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथ आणि शेपर चालत असत त्या काळात ओव्हरहेडची वाटणी हा वादाचा विषय नव्हता. ऑइल इंजिनाचे आणि पंपाचे तेच ते भाग महिनोन्‌महिने चालायचे. मजुरी हाच मोठा खर्च होता. त्यामुळे वीज, भाडे, देखभाल आणि सुपरवायझरचा पगार मजुरीच्या टक्क्यांत धरला तरी फारसे बिघडत नसे. मशिनी महाग झाल्या तसा मशीन अवर रेट रुळला. महिन्याचा सगळा ओव्हरहेड भागिले मशीनचे तास असा हा सोपा हिशेब आहे आणि जॉबवर्कचे रेट आजही बहुतेक ठिकाणी असेच निघतात.

कायद्याने यात फारशी ढवळाढवळ केली नाही. ठरावीक उद्योगांतल्या कंपन्यांसाठी कॉस्ट ऑडिटची तरतूद 1965 मध्ये आली. 2014 चे कॉस्ट रेकॉर्डचे नियम सूक्ष्म आणि लघु उद्योगांना लागू नाहीत. प्रोप्रायटरी किंवा भागीदारीतले वर्कशॉप कंपनीच नसल्याने त्या चौकटीत येतच नाही. त्यामुळे लहान वर्कशॉपमध्ये ॲक्टिव्हिटी बेस्ड कॉस्टिंगची पद्धत कायद्याच्या दट्ट्याने आली नाही. ती आणली लहान लॉटनी.

शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या शेडमध्ये व्हीएमसी, म्हणजे संगणकाने चालणारी मशीनिंग सेंटर, आली आणि एकाच मशीनवर एका आठवड्यात पाच-सहा वेगवेगळे भाग लागू लागले. फिक्स्चर बदलायचे, टूल ऑफसेट घ्यायचे, पहिला पीस तपासायचा, चुकला तर दुसरा काढायचा. या सगळ्या सेटिंगमध्ये सेटरचा वेळ जातो, पण मशीन अवर रेट फक्त कटिंगचा वेळ मोजतो. नेमक्या याच विसंगतीवर 1980 च्या दशकात अमेरिकेत बोट ठेवले गेले आणि ॲक्टिव्हिटी बेस्ड कॉस्टिंग हे नाव रूढ झाले. खर्च आधी कामांवर टाकायचा आणि ते काम ज्या मालाने जितके करायला लावले तितका त्या मालावर, इतकेच तिचे सूत्र आहे.

उदाहरणादाखल दोन व्हीएमसीचे वर्कशॉप घेऊ. महिन्याचा ओव्हरहेड 3,60,000 रुपये. पंपाची 2,000 कव्हर निघतात, प्रत्येकी 6 मिनिटे. बेअरिंग हाउसिंग 800, प्रत्येकी 15 मिनिटे. व्हॉल्व्ह बॉडी 200, प्रत्येकी अर्धा तास. एकूण 500 मशीन तास होतात, म्हणजे तासाला 720 रुपये. या रेटने कव्हरवर 72, हाउसिंगवर 180 आणि बॉडीवर 360 रुपये ओव्हरहेड बसतो.

आता तेच 3,60,000 फोडू. मशीन चालवण्याचे 1,80,000, सेटिंगचे 90,000, तपासणीचे 54,000 आणि ऑर्डर-चलन-डिस्पॅचचे 36,000. मशीनचा भाग तासांवरच राहतो, फक्त रेट 360 वर येतो. तपासणी रिपोर्टच्या संख्येवर वाटली आणि डिस्पॅच चलनांच्या संख्येवर, तर दोन्ही मिळून कव्हरवर पीसला 6, हाउसिंगवर 30 आणि बॉडीवर 270 रुपये बसतात, कारण बॉडी लहान लॉटमध्ये जाते आणि प्रत्येक लॉटला वेगळा रिपोर्ट लागतो. इथवर कोणी फारसे भांडत नाही.

भांडण आहे ते सेटिंगवर. महिन्यात 30 सेटिंग होतात : कव्हरची 4, हाउसिंगची 8, बॉडीची 18. संख्येवर वाटले तर एका सेटिंगला 3,000 रुपये पडतात आणि बॉडीवर पीसमागे 270 रुपये येतात. पण सेटिंग सेटिंगमध्ये फरक असतो. कव्हरचे जड फिक्स्चर बसवून डायल लावायला 6 तास जातात, हाउसिंगला साडेचार, बॉडीला मात्र एक तास चाळीस मिनिटे. तासांवर मोजले तर कव्हरचे 24, हाउसिंगचे 36, बॉडीचे 30, असे 90 तास होतात आणि तासाला 1,000 रुपये पडतात. मग बॉडीवर पीसमागे 150 रुपयेच येतात, तर कव्हरवर 6 चे 12 होतात.

म्हणजे एकाच पद्धतीने, त्याच महिन्यात, बॉडीचा ओव्हरहेड संख्येने 720 रुपये निघतो आणि तासांनी 600. जुन्या रेटने तो 360 होता, त्यामुळे बॉडी स्वस्तात जात होती हे दोन्ही उत्तरे सांगतात. पण पार्टीला 360 ची तूट सांगायची की 240 ची, हा प्रश्न उरतोच.

संख्येच्या बाजूने एक खरा मुद्दा आहे : ती खोटी पडत नाही. तासांची नोंद सेटरवर अवलंबून असते आणि शिफ्ट संपताना अंदाजाने लिहिलेले आकडे सगळे दोन-दोन तासांचे निघतात. नोंदवहीत असे गोल आकडे दिसू लागले की तासांचा हिशेब बिघडला असे समजावे. तरीही सर्वांत लांब आणि सर्वांत छोट्या सेटिंगमध्ये इथल्यासारखा साडेतीन पटींचा फरक असेल तर संख्या वापरणे हा छोट्या लॉटवर अन्याय आहे. म्हणून तासच धरावेत आणि त्यासाठी मशीनवर वही लावून दोनच वेळा लिहाव्यात : आधीच्या लॉटचा शेवटचा पीस उतरला ती आणि नव्या लॉटचा पहिला पीस तपासणीत पास झाला ती. ट्रायलमध्ये वाया गेलेले कास्टिंग त्याच ओळीत लिहावे, कारण तो सेटिंगचाच खर्च आहे.

यात एक चूक हमखास होते. सेटिंग चालू असताना मशीनही अडकलेले असते. घसारा आणि भाडे 500 कटिंग तासांवरच भागले तर अडकलेल्या 90 तासांचा बोजाही कटिंगवर पडतो. काटेकोर हिशेबात हे खर्च 590 तासांवर भागून 90 तासांचा वाटा सेटिंगकडे न्यावा लागतो. आणि तो नेल्यावर मशीनच्या रकमेतून वजा करायला विसरू नये, नाहीतर तोच खर्च दोनदा लागतो.

2004 मध्ये वेळेवर आधारलेली सुधारित मांडणी पुढे आली आणि तिने वादाला वेगळे वळण दिले. प्रत्यक्ष झालेल्या तासांनी न भागता उपलब्ध तासांनी भागायचे. सेटिंगसाठी महिन्याला 120 तास मिळू शकत असतील तर रेट 750 होतो. तीन मालांवर 67,500 रुपये बसतात आणि 22,500 रुपये न वापरलेल्या क्षमतेचे म्हणून वेगळे दिसतात. आमच्या मते लहान वर्कशॉपला हीच मांडणी जास्त उपयोगी आहे. जुन्या रीतीत ऑर्डर कमी झाल्या की तासाचा रेट चढतो, चढलेला रेट कोटेशनमध्ये जातो आणि उरलेल्या ऑर्डरीही हातच्या जातात. शिल्लक मालाच्या मूल्यांकनाचे मानकही स्थिर उत्पादन खर्च नेहमीच्या क्षमतेवरच धरायला सांगते. मात्र त्या मूल्यांकनात डिस्पॅच आणि विक्रीचा खर्च चालत नाही. म्हणून कोटेशनसाठी काढलेला आकडा तसाच उचलून मार्चअखेरच्या स्टॉकला लावू नये.

पीसमागचे 150 रुपयेही जपून वाचावेत. 200 बॉडी 18 लॉटमध्ये निघतात, म्हणजे लॉटला साधारण 11 पीस. लॉट 22 चा केला तर कागदावर ते 75 होतात, पण सेटरचा पगार त्या महिन्यात तेवढाच राहतो. वाचलेले 15 तास दुसऱ्या कामाला लागले तरच फायदा हातात येतो. म्हणून बॉडीच्या कोटेशनमध्ये सेटिंग पीसच्या रेटमध्ये मिसळण्याऐवजी तासाला 1,000 च्या रेटने लॉटमागे 1,667 रुपये अशी वेगळी ओळ घालणे बरे. मग 11 चा लॉट मागवायचा की 22 चा, हे पार्टी स्वतःच ठरवते.