सुजलेल्या गुडघ्यात वंगण कमी नसतं

"पन्नाशीत जिना चढताना गुडघा दुखतो, सुजतो. वंगण संपलं म्हणायचं ना?"

उलट, सूज म्हणजे सांध्यात पाणी वाढलेलं. ते का वाढलं, हे सूज कधी आली त्यावरून बरंच कळतं. पाय मुरगळल्यावर तासा-दोन तासांत गुडघा टम्म फुगला, तर आत रक्त साचलेलं असू शकतं. त्यात जिना उतरताना गुडघा दगा देत असेल, तर हाडांना बांधून ठेवणारा पट्टा, म्हणजे लिगामेंट, फाटल्याची शंका घ्यावी. झिजेची सूज चढ-उतार जास्त झाल्यावर हळूहळू येते आणि सकाळचा ताठरपणा साधारण अर्ध्या तासात सुटतो. तासभर आखडलेला, गरम गुडघा आमवातासारख्या दाहाकडे बोट दाखवतो. सोबत ताप असेल तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.