फंडाचं नाव एक, चाल दुसरी: स्टाइल ॲनालिसिसची पार्श्वभूमी

६ ऑक्टोबर २०१७ रोजी मुंबईतून सेबीचं परिपत्रक निघालं आणि लार्ज कॅप म्हणजे काय, हे पहिल्यांदा ठरलं. बाजारमूल्यानुसार पहिल्या १०० कंपन्या लार्ज, १०१ ते २५० मिड, पुढच्या सगळ्या स्मॉल. आणि लार्ज कॅप म्हणवणाऱ्या फंडाचे किमान ८० टक्के पैसे पहिल्या शंभरांत. त्याआधी या शब्दांची सर्वांना बांधील अशी व्याख्याच नव्हती. योजनेच्या नावात काहीही असो, पोर्टफोलिओत मिड कॅपचा बराच भरणा असू शकत होता, आणि तुलना मात्र मोठ्या कंपन्यांच्या निर्देशांकाशी व्हायची.

फंड खरोखर कसा चालतो, हा प्रश्न अमेरिकेत अर्थशास्त्रज्ञ विल्यम शार्प यांनी खूप आधी हाताळला होता. १९८८ च्या लेखात त्यांनी फंडाचं ‘परिणामी मिश्रण’ फक्त परताव्यांवरून काढण्याची रीत मांडली आणि १९९२ मध्ये ती विस्ताराने समजावली. फंडाचे मासिक परतावे घ्यायचे, मालमत्ता-वर्गांच्या निर्देशांकांचे परतावे घ्यायचे, आणि कोणत्या मिश्रणाची चाल फंडाच्या चालीशी सगळ्यात जुळते ते शोधायचं. फंडाकडे कोणते शेअर आहेत, ती यादी हातात असण्याची गरज नाही. हेच स्टाइल ॲनालिसिस.

साधं रिग्रेशन, म्हणजे कोणतीही अट न घालता सगळ्यात जुळणारे भार, म्हणजे मिश्रणातले वाटे, काढणं, इथे फसतं. शार्प यांनी बारा मालमत्ता-वर्ग घेऊन १९८५ ते १९८९ या साठ महिन्यांवर एक शेअर फंड तपासला. मोकळ्या रिग्रेशनने मध्यम मुदतीच्या सरकारी रोख्यांना उणे ७० टक्क्यांच्या आसपास भार दिला आणि व्हॅल्यू शेअर्सना, म्हणजे कंपनीच्या मूल्याच्या मानाने स्वस्त शेअर्सना, शंभरहून जास्त. गणित बरोबर होतं, पण रोखे उसने घेऊन विकणारा असा फंड अस्तित्वातच नव्हता. मग त्यांनी दोन अटी घातल्या: एकही भार शून्याखाली नको आणि सगळ्यांची बेरीज एक. अशा अटी पाळून सगळ्यात जुळणारं उत्तर शोधायला क्वाड्रॅटिक प्रोग्रॅमिंग ही गणिती पद्धत लागते. आर-स्क्वेअर, म्हणजे फंडाच्या चढउतारांपैकी मिश्रणाने समजावलेला हिस्सा, सुमारे ९५ वरून ९२ टक्क्यांवर आला, पण उत्तर आलं सुमारे ७० टक्के मोठे व्हॅल्यू शेअर आणि ३० टक्के छोटे शेअर. तीन टक्के गमावून वाचता येणारं उत्तर मिळालं. माझ्या मते या पद्धतीचं खरं योगदान हेच.

आपल्याकडचं एक काल्पनिक उदाहरण घेऊ. चार महिन्यांत लार्ज कॅप निर्देशांक २, −१, ३ आणि ० टक्के. मिड कॅप ५, −३, ६ आणि ०. ‘लार्ज कॅप’ नावाचा फंड ३.१, −१.८, ४.३ आणि ०. लार्ज कॅपशी तुलना केली तर फंड महिन्याला सरासरी ०.४ टक्क्यांनी पुढे, म्हणजे मॅनेजर हुशार. आता दोन्ही निर्देशांकांचं मिश्रण जुळवू. दोनच वर्ग असल्याने हे हातानेही जमतं: फंड वजा मिड कॅप या फरकाची लार्ज वजा मिड कॅप या फरकाशी असलेली सहप्रचरणता, म्हणजे ते दोन्ही एकत्र किती हलतात हे, काढायची आणि दुसऱ्या फरकाच्या प्रचरणाने, म्हणजे तो स्वतःच्या सरासरीभोवती किती हलतो याने, भागायची. सरासरीपासूनच्या विचलनांच्या गुणाकारांच्या बेरजा १०.८ आणि १८ येतात, म्हणजे लार्ज कॅपचा भार ०.६ आणि मिड कॅपचा ०.४. या मिश्रणाचे परतावे ३.२, −१.८, ४.२ आणि ०, सरासरी १.४, अगदी फंडाइतकीच. ती आघाडी सगळी मिड कॅपची होती, मॅनेजरच्या शेअर निवडीची नव्हे.

शार्प फंड आणि मिश्रण यांच्यातल्या फरकाच्या स्क्वेअरची बेरीज नव्हे, तर त्या फरकाचं प्रचरण किमान करतात, त्यामागे कारण आहे. सरासरी फरक त्यामुळे भारांमध्ये विरघळत नाही, वेगळा उरतो आणि निवडीचा परिणाम म्हणून वाचता येतो. पण तो वाचताना जपावं लागतं. एनएव्हीमध्ये, म्हणजे फंडाच्या एका युनिटच्या मूल्यात, लाभांश धरलेला असतो. निर्देशांक नुसता किमतीचा घेतला तर लाभांशाचा परतावा मॅनेजरच्या खात्यात जातो. फेब्रुवारी २०१८ पासून सेबीने लाभांशासह असलेला टीआरआय निर्देशांक सक्तीचा केला, तेव्हापासून त्या आकड्यांवर ही तपासणी सरळ होते. उलट बाजूने, एनएव्हीतून खर्च वजा झालेला असतो आणि निर्देशांकातून नसतो, म्हणून डायरेक्ट प्लॅनची एनएव्ही घेणं बरं.

मर्यादाही आहेत. निफ्टी १०० आणि निफ्टी ५०० एकत्र टाकले तर दोघांची चाल इतकी सारखी, की महिना-दोन महिन्यांचा डेटा बदलला तरी भार एकाकडून दुसऱ्याकडे उडी मारतात. असं दिसलं की एक निर्देशांक काढून टाकावा. दुसरं, भार मागच्या ३६ महिन्यांच्या परताव्यांवरून काढले, तर ही ३६ महिन्यांची खिडकी सरासरीचा आरसा असते. मॅनेजरने सहा महिन्यांपूर्वी पैसे मिड कॅपकडे वळवले असतील, तर खिडकीत तीस महिने जुनेच असतात आणि भार हळूच सरकतात. अशा वेळी खिडकी दरमहा पुढे ढकलून भारांचा आलेख काढावा, आणि भारतात फंड पोर्टफोलिओ दरमहा जाहीर करतात, तो शेजारी ठेवावा. पोर्टफोलिओ महिनाअखेरची स्थिती दाखवतो, परतावा मधल्या दिवसांतल्या व्यवहारांचाही असतो; दोन्ही जुळत नसतील तर तपास तिथून सुरू करावा.