स्टँडबाय एलसी की बँक गॅरंटी? निर्यातदार आणि जागामालक काय बघतात, कागद कोणते लागतात

बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसीत व्हॉल्व्ह बनवणारा एक कारखाना आहे असं धरू. ओहायोतला ग्राहक दर महिन्याला ६०,००० डॉलरचा माल मागवतो आणि बिल ऑफ लेडिंगच्या, म्हणजे जहाज कंपनीच्या माल-पावतीच्या तारखेपासून ६० दिवसांनी पैसे देतो. दर खेपेला साधी एलसी, म्हणजे मालाचे कागद बघून पैसे देण्याचं बँकेचं लेखी वचन, उघडायची त्याची तयारी नाही, कारण प्रत्येक वेळी चार्जेस आणि कागदांची तपासणी आली. तो म्हणतो, माझ्या बँकेची एक स्टँडबाय एलसी वर्षभरासाठी देतो. पैसे नेहमीप्रमाणे थेट येत राहतील, थकले तरच तिला हात लावायचा.

मग बँक गॅरंटी का नको, हा प्रश्न रास्त आहे. काम दोन्हींचं एकच. बँक स्वतःचा शब्द देते, मूळ व्यवहारातल्या भांडणात पडत नाही आणि फक्त समोर आलेले कागद बघते. फरक आहे तो कोणत्या नियमांखाली लिहिलं जातं यात. आपल्याकडची गॅरंटी बहुधा स्टॅम्प पेपरवर, बँकेच्या स्वतःच्या मजकुरात आणि भारतीय करार कायद्याच्या आधारावर असते. परदेशी बँकेची गॅरंटी तिथल्या कायद्याची भाषा बोलते. अमेरिकेत तर बँकांनी गॅरंटी देण्यावर पूर्वी बंधनं होती, म्हणून तेच काम एलसीच्या रूपात होऊ लागलं आणि तीच तिथली सवय झाली.

स्टँडबाय बहुतेक वेळा आयएसपी ९८ या नियमांखाली निघते. १ जानेवारी १९९९ पासून लागू असलेले हे नियम खास स्टँडबायसाठीच लिहिले आहेत. कागद मिळाल्यावर तीन कामकाजाच्या दिवसांत निर्णय दिला तर तो वेळेत धरला जातो आणि सातांपेक्षा जास्त लावले तर उशीर. चूक काढायची असेल तर बँकेने ती वेळेत कळवायची, नंतर नवीन कारण पुढे करता येत नाही. मुदतीच्या शेवटच्या दिवशी बँकच बंद असली, तर ती पुन्हा उघडल्यावर ३० दिवस आपोआप मिळतात. काही बँका स्टँडबाय यूसीपी ६०० खाली काढतात. ते नियम मुळात मालाच्या एलसीसाठी आहेत. पूर, दंगल, संप अशा कारणाने बँक बंद राहिली आणि त्या काळात मुदत संपली, तर तिथे ही सवलत नाही. म्हणून कोणते नियम लावले आहेत ती ओळ आधी वाचावी, असं माझं ठाम मत आहे.

आता रक्कम आणि तारीख. ६० दिवसांच्या उधारीत दोन खेपांचे पैसे कायम बाहेर असतात आणि थकबाकी लक्षात येईपर्यंत तिसरी खेप निघालेली असते. म्हणजे एका खेपेची नाही, किमान १,८०,००० डॉलरची स्टँडबाय हवी. तारखेत तर हमखास फसगत होते. समजा वर्षातली शेवटची खेप ३० नोव्हेंबरला निघते आणि ग्राहक ३१ डिसेंबरला संपणारी स्टँडबाय देतो. ३० नोव्हेंबरच्या मालाचे पैसे २९ जानेवारीला देय होतात. त्या दिवशी स्टँडबाय संपून महिना होतो. ३१ ऑक्टोबरच्या खेपेचे पैसे ३० डिसेंबरला देय. ते आले नाहीत तर दावा पोचवायला जेमतेम एक दिवस उरतो. या हिशेबाने मुदत निदान मार्चच्या मध्यापर्यंत पाहिजे.

दाव्यासाठी कोणते कागद लागतील, तो परिच्छेद ओळ न ओळ वाचावा. हुंडी, न भरलेल्या बिलाची प्रत, बिल ऑफ लेडिंगची प्रत आणि ‘अमुक बिलाची रक्कम मुदतीत मिळाली नाही’ असं निर्यातदाराचं सही केलेलं निवेदन, एवढं पुरेसं आहे. मूळ बिल ऑफ लेडिंग मागितलं असेल तर ते खोडायला लावा, कारण मूळ प्रत माल सोडवायला आधीच ग्राहकाकडे गेलेली असते. ग्राहकाच्या सहीचं प्रमाणपत्र मागितलं असेल तर ती स्टँडबाय निकामी आहे. पैसे न देणारा माणूस तसं लिहून देणार नाही. निवेदनातले शब्दही जसेच्या तसे उतरवावेत. अंशतः दावा चालेल, ही ओळही हवी, म्हणजे एकच बिल थकलं तर तेवढ्यापुरतं मागता येतं.

स्टँडबाय खरी आहे हे कसं कळतं? ती स्विफ्ट या बँकांच्या आपसातल्या संदेशजाळ्यावर एमटी ७६० या संदेशाने आपल्या बँकेत येते आणि तपासणी करून बँक ती आपल्याला कळवते. ईमेलवर आलेल्या पीडीएफला काहीच किंमत नाही. ‘भाड्याने स्टँडबाय एलसी मिळवून देतो’ म्हणणाऱ्यांना आगाऊ फी मुळीच देऊ नका. परदेशी बँकेवर भरवसा नसेल तर भारतीय बँकेकडून कन्फर्मेशन, म्हणजे तिची स्वतःचीही हमी, घेता येतं. त्याचं शुल्क वेगळं लागतं, पण कागद इथेच सादर करता येतात.

हाच कारखाना न्यू जर्सीत गोदाम भाड्याने घ्यायला गेला, तर बाजू उलटते. तिथला मालक रोख डिपॉझिटऐवजी स्टँडबाय मागतो. कारण दिवाळखोरीच्या कायद्यात आहे. भाडेकरूने दिवाळखोरीचा अर्ज केला की मालकाची वसुली थांबते आणि हातातलं रोख डिपॉझिट वळतं करून घ्यायलाही न्यायालयाकडे जावं लागू शकतं. स्टँडबायचे पैसे बँकेचे असतात, भाडेकरूच्या मालमत्तेत धरले जात नाहीत, म्हणून मालक थेट बँकेकडे जातो. स्टँडबायमध्ये तसं लिहिलेलं असेल तर इमारत विकल्यावर नव्या मालकाच्या नावे ती हस्तांतरित करता येते, हाही त्याचा फायदा. मात्र मालक सहसा ‘दर वर्षी आपोआप नूतनीकरण’ मागतो: बँकेने ६० दिवस आधी नकार कळवला आणि भाडेकरूने बदली स्टँडबाय दिली नाही, तर पूर्ण रक्कम काढून घेण्याचा हक्क. आपल्या बँकांना बेमुदत हमी देता येत नाही, म्हणून अंतिम तारीख लिहूनच घ्यावी लागते. भाडं वेळेवर भरलं तर रक्कम दर वर्षी कमी होईल, अशी अटही भाडेकरूने करारातच मागावी. नंतर ती मिळत नाही.

अर्जदार म्हणून लागते ती बँकेत मंजूर नॉन-फंड लिमिट, म्हणजे कर्ज नाही तर हमी देण्यासाठी बँकेने ठरवलेली मर्यादा. नसेल तर पूर्ण रकमेच्या ठेवीवर लिअन, म्हणजे बँकेचा हक्क, ठेवून काम होतं. शाखेत आयात-निर्यात कोड, केवायसी, संचालक मंडळाचा ठराव, ताळेबंद, भाडेकरार किंवा खरेदी ऑर्डर, बँकेला भरपाई देण्याची स्टॅम्प पेपरवरची हमी म्हणजे काउंटर-इंडेम्निटी आणि समोरच्याने मान्य केलेला मसुदा द्यावा लागतो. कमिशनवर जीएसटी १८ टक्के. करार परदेशातल्या उपकंपनीच्या नावावर असेल तर ही हमी परदेशी गुंतवणुकीच्या मर्यादेत मोजली जाते आणि बँक फॉर्म एफसी भरायला लावते. हे करारावर सही करण्याआधी बँकेच्या फॉरेक्स विभागाला सांगा, कारण इथे महिना सहज जातो आणि तोवर मालक किल्ली देत नाही.

सगळीकडे स्टँडबायच घ्यावी असंही नाही. इथल्या सरकारी टेंडरमध्ये गॅरंटी ठरलेल्या नमुन्यातच मागतात, तिथे तीच द्यावी. बडोद्याच्या अलकापुरीतलं ऑफिस भाड्याने घेताना इथला मालक डिपॉझिटवर किंवा साध्या गॅरंटीवर राजी असतो. भारतीय गॅरंटीत मुदतीशिवाय दावा करण्याचा वेगळा काळ, ‘क्लेम पिरियड’ही लिहिलेला असतो. करार कायद्याच्या कलम २८ चा अर्थ बँका असा लावत आल्या आहेत की तो एक वर्षापेक्षा कमी ठेवला तर मुदतीनंतर हक्क संपवणारी अट टिकत नाही. म्हणून अनेक बँका पूर्ण वर्ष जोडतात आणि त्या वर्षाचं कमिशनही घेतात. आयएसपी ९८ खालच्या स्टँडबायमध्ये तसं नसतं. तिथे दावा मुदतीच्या आतच, आणि मसुद्यात जिथे सादर करायला सांगितलं आहे त्याच शाखेत पोचला पाहिजे.