गरोदरपणातील बद्धकोष्ठता (लोहाच्या गोळ्या आणि वाढते गर्भाशय)

गरोदर बाईला आठवड्यात तीनपेक्षा कमी वेळा शौचास होणे, किंवा रोज होऊनही खडा होणे, कुंथावे लागणे आणि पोट साफ झाल्यासारखे न वाटणे म्हणजे गरोदरपणातील बद्धकोष्ठता. एकट्या दिवसांच्या अंतरावरून ती ठरत नाही. दोन दिवसांनी पण मऊ आणि विनासायास होत असेल तर ती बद्धकोष्ठता नव्हे. या तक्रारीमुळे बाळाला सहसा धोका नसतो. खरे नुकसान वेगळ्याच वाटेने होते: पोट साफ होत नाही म्हणून बाई रक्तवाढीची लाल गोळी गुपचूप बंद करते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) देशातील ५२.२ टक्के गरोदर स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला, आणि १८० दिवस वा अधिक गोळ्या घेतलेल्या माता केवळ २६ टक्के होत्या. गोळ्या सुटण्याची कारणे अनेक असतात. पोटाची तक्रार हे त्यांतले नेहमी ऐकू येणारे. म्हणून गोळी चालू ठेवून शौच मऊ कसे ठेवायचे, हाच उपचाराचा गाभा ठरतो.

कारणे

सुरुवात गोळीच्या आधीच झालेली असते. गर्भ टिकवणारे प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक गर्भाशयाचे स्नायू सैल ठेवते, आणि त्याच जातीचे आतड्याचे स्नायूही सैलावतात. अन्न मोठ्या आतड्यात जास्त वेळ रेंगाळते, तेवढ्या वेळात त्यातले पाणी शोषले जाते आणि मळ घट्ट होतो. म्हणून कित्येकींना दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यातच, पोट दिसू लागण्याआधी, हा त्रास होतो. उलट्यांमुळे खाणेपिणे कमी झालेले असते, त्याची भर पडते.

चौथ्या महिन्यापासून सरकारी आरोग्य केंद्रातून लाल गोळी सुरू होते. तिच्यात ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असते. रोज एक, किमान १८० दिवस. हिमोग्लोबिन ११ पेक्षा कमी असेल तर साधारणपणे रोज दोन. या लोहाचा लहान हिस्साच रक्तात जातो. उरलेले मोठ्या आतड्यात उतरते, तिथल्या जिवाणूंची घडी बदलते आणि मळ काळा व कोरडा होतो. शिवाय एक मात्रा घेतल्यावर सुमारे दिवसभर शरीर पुढच्या लोहाचे शोषण आवरते. त्यामुळे मात्रा दुप्पट केली तरी रक्तातले लोह दुप्पट होत नाही, आतड्यात उरणारे मात्र वाढते. दुसऱ्या गोळीनंतर त्रास एकदम का बळावतो, ते यातून कळते.

सातव्या महिन्यानंतर गर्भाशय गुदाशयावर आणि त्याच्या वरच्या वळणावर टेकते. मळाची वाट अरुंद होते, शिरांवर दाब येतो, आणि कुंथण्याची जोड मिळाली की मूळव्याध डोके वर काढते.

गोळी कशी घ्यावी

लाल गोळी आणि कॅल्शियमची गोळी एकत्र घेणे ही सर्रास होणारी चूक. कॅल्शियम लोहाचे शोषण अडवते, आणि ते स्वतःही पोट धरते. दोन्हींत किमान दोन तास हवेत. कॅल्शियम जेवणासोबत आणि लोह जेवणानंतर किमान दोन तासांनी, लिंबूपाण्यासोबत किंवा पेरू-आवळ्याच्या फोडीसोबत. चहा मागेपुढे तासभर नको. रिकाम्या पोटी शोषण चांगले होते हे खरे, पण मळमळ होऊन गोळीच सुटत असेल तर त्या शोषणाचा उपयोग काय? लाल गोळी झोपण्यापूर्वी घेतली तर अनेकींना मळमळ जाणवत नाही. फक्त घेतल्याबरोबर आडवे होऊ नये.

एवढे करूनही सोसवत नसेल तर पर्याय डॉक्टरांकडे आहेत: लोहाचा दुसरा क्षार, कमी मात्रा, एकाआड एक दिवस, किंवा चौथ्या महिन्यानंतर शिरेतून लोह. कोणता पर्याय ते हिमोग्लोबिन आणि उरलेले आठवडे पाहून ठरते. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी केंद्रांत मोफत गरोदर तपासणी असते, तिथे हे विचारता येते.

चोथा

दिवसाला २५ ते ३० ग्रॅम चोथा पोटात जावा. बाजरी, ज्वारी, नागली आणि न चाळलेली गव्हाची कणीक या सगळ्यांत १०० ग्रॅम पिठामागे साधारण १० ते ११ ग्रॅम चोथा असतो, म्हणजे मध्यम भाकरीमागे पाचेक ग्रॅम. तांदळात याच्या तिसऱ्या हिश्शाइतकाही नसतो. नाशिक जिल्ह्यात हा हिशेब सोपा आहे: निफाड-येवल्याकडे बाजरीची भाकरी, पेठ-सुरगाण्याकडे नागलीची. दुपारी दोन भाकरी, सोबत मटकीची उसळ आणि मेथी किंवा शेपूची भाजी झाली की निम्म्याहून अधिक गरज भागते. उरलेली एका मोठ्या पेरूने भागते. पेरूने पोट धरते असा समज आहे, पण बियांसकट, नीट चावून खाल्लेल्या पेरूत १०० ग्रॅममागे ५ ते ८ ग्रॅम चोथा असतो.

द्राक्षांच्या गावी हे सांगणे जिवावर येते, पण ताज्या द्राक्षांत चोथा जेमतेम असतो. किलोभर खाऊन पोट साफ होईल ही आशा फोल, साखर मात्र जाते. काळे मनुके बरे. दहा-पंधरा मनुके रात्री पाण्यात भिजवून सकाळी पाण्यासकट घ्यावेत. गरोदरपणातला मधुमेह असेल तर मनुके-अंजीर बाजूला ठेवून भाज्या आणि उसळींवर भर द्यावा.

श्रावणात आणि नवरात्रात तक्रार वाढते, त्यामागे साबुदाणा असतो. त्यात चोथा जवळजवळ नसतोच. उपास करायचाच असेल तर राजगिरा, रताळे आणि फळे.

चोथा एका दिवसात दुप्पट करू नये; पोट फुगते आणि बाई उपायालाच कंटाळते. आठवडाभरात हळूहळू वाढवावा. आणि पाण्याशिवाय चोथा म्हणजे सुकलेला गारा. दिवसाला आठ ते दहा पेले पाणी, उन्हाळ्यात त्याहून जास्त. लघवी फिकट पिवळी राहिली की पाणी पुरते आहे. ताक चालते, मात्र रक्तदाब वाढलेला असेल तर त्यात मीठ घालू नये.

औषधे

खाण्यातील बदलाने आठ-दहा दिवसांत फरक पडला नाही तर इसबगोल. एक-दोन चहाचे चमचे भुसी पूर्ण पेलाभर पाण्यात ढवळून लगेच प्यावी, फुगून घट्ट व्हायच्या आत, आणि वर आणखी एक पेला पाणी. परिणाम दिसायला एक ते तीन दिवस लागतात. ती लोहाच्या गोळीपासून दोन तास दूर ठेवावी.

इथे एक बारकावा सुटतो. खाली आधीच कडक खडा अडकला असेल, चार दिवस काहीच झालेले नसेल, तर त्यावर इसबगोल किंवा कोंडा घालणे म्हणजे तुंबलेल्या मोरीत आणखी कचरा ढकलणे. अशा वेळी आधी मळ मऊ करायचा. त्यासाठी लॅक्ट्युलोजचे पातळ औषध दिले जाते, बहुधा रात्री १५ मिलिलिटर. ते रक्तात जवळपास शिरत नाही, आतड्यात पाणी ओढून घेते. २४ ते ४८ तासांनी काम करते आणि सुरुवातीला गॅस करते. पॉलिइथिलीन ग्लायकॉलची पूडही याच रीतीने काम करते. खडा अगदी दाराशी असेल तर ग्लिसरीनची वडी गुदद्वारातून देतात. हे सारे डॉक्टरांना किंवा परिचारिकेला विचारून.

एरंडेल मात्र घेऊ नये. त्याने आतड्याबरोबर गर्भाशयही आकुंचन पावू शकते. ‘नववा लागला, थोडे एरंडेल दे’ हा सल्ला याच कारणाने धोक्याचा. सोनामुखी असलेली चूर्णे ‘आयुर्वेदिक’ म्हणून निर्धास्तपणे घेतली जातात, पण तीही आतड्याला चिमटा काढणारी जुलाबाची औषधेच. स्वतःच्या मनाने नकोत. पांढऱ्या दुधाळ औषधांपैकी काहींत लिक्विड पॅराफिन असते. ते रोज घेतल्यास स्निग्धात विरघळणारी जीवनसत्त्वे अंगी लागत नाहीत. रात्रीचे दूध-तूप निरुपद्रवी आहे, त्यावर भिस्त ठेवू नये एवढेच.

एक उदाहरण

फेब्रुवारीत, द्राक्षतोडणीच्या हंगामात, निफाड तालुक्यातली सातव्या महिन्यातली मजूर बाई धरू. हिमोग्लोबिन ९.६, म्हणून दोन लाल गोळ्या. सकाळी सहाला दोन्ही गोळ्या आणि कॅल्शियम चहाबरोबर एकदम घेऊन ती बागेत जाते. तिथे आडोसा नाही, म्हणून दुपारपर्यंत पाणी पीत नाही. शौचाची कळ आली तरी दाबते. चौथ्या दिवशी खडा, थोडे रक्त, आणि गोळ्या बंद.

हिचे वेळापत्रक असे बसते. सकाळी सहाला न्याहारीसोबत कॅल्शियम, अकराला पहिली लाल गोळी लिंबूपाण्याबरोबर, दीडला भाकरी-उसळीच्या जेवणात दुसरे कॅल्शियम, संध्याकाळी सहाला इसबगोल, रात्री दहाला दुसरी लाल गोळी. दुसरे कॅल्शियम रात्रीच्या जेवणात घेतले तर शेवटची लाल गोळी फार उशिरा जाते, म्हणून ते दुपारी. पहिले दोन-तीन दिवस इसबगोलऐवजी लॅक्ट्युलोज, खडा निघेपर्यंत. पाण्याचे दोन पेले उठल्याबरोबर, म्हणजे निघण्याआधी लघवी होऊन जाते, उरलेले दुपारनंतर. शौचाची वेळ न्याहारीनंतर वीस-तीस मिनिटांची धरावी, कारण पोटात अन्न पडले की मोठे आतडे आपोआप हलते. त्यासाठी बागेत जाणे अर्धा तास पुढे गेले तरी चालेल; मुकादमाशी ते बोलावे लागते, आणि हाच या सगळ्यातला अवघड भाग. उकिडवे बसवत नसेल तर कमोडवर पायांखाली वीतभर उंच पाट घेऊन, गुडघे कमरेच्या वर ठेवून, पुढे झुकून बसावे. दम रोखून कुंथू नये.

केव्हा थांबू नये

लोहाने शौच काळे किंवा काळपट हिरवे होते, त्यात घाबरण्यासारखे काही नाही. डांबरासारखे चिकट, चकचकीत आणि उग्र वासाचे असेल तर ते वरच्या आतड्यातले रक्त असू शकते. खड्यावर लाल रेघ बहुधा मूळव्याधीची किंवा चिरेची, तरी ती दाखवावी. पोट फुगून उलट्या होणे आणि वारादेखील न सरणे म्हणजे आतड्याला अडथळा असण्याची शक्यता. तेव्हा जुलाब घेऊ नये.

फसगत होते ती कळांबाबत. ‘गॅसने पोट दुखतेय’ म्हणून बाई ओवा खात बसते आणि ती अकाली प्रसूतीची सुरुवात असते. पोटावर हात ठेवून पाहावे: दुखणे ठरावीक अंतराने येते-जाते, प्रत्येक वेळी सगळे पोट दगडासारखे कडक होते, कंबरही भरून येते, किंवा अंगावरून पाणी वा रक्त जाते, तर ती बद्धकोष्ठता नव्हे. सदतीस आठवड्यांआधी असे झाले तर शौचाची वाट न पाहता १०८ किंवा १०२ वर रुग्णवाहिका बोलवावी.